धागा: गावात अतिसाराची साथ – लोकसहभाग आणि आंतरक्षेत्रीय समन्वय यांवर १५ गुणांचं उत्तर कसं लिहायचं?

ओंकार_नर्सिंग

समुदाय आरोग्य अधिकारी परीक्षेच्या सराव प्रश्नसंचात हा प्रश्न आहे. जसाच्या तसा देतो.

"१,२०० लोकवस्तीच्या गावात जुलैमध्ये दहा दिवसांत ४६ जणांना जुलाब. गावात एक सार्वजनिक विहीर: व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. पंपाने पाणी टाकीत जाते, तिथून नळाने घरोघर. गावाबाहेरच्या ३० घरांच्या वस्तीवर नळ नाही, तिथले लोक ओढ्यालगतच्या खड्ड्यातून पाणी भरतात. ग्रामपंचायतीला पिवळे कार्ड. टीसीएल पावडरचा साठा शिल्लक. प्राथमिक आरोग्य सेवेच्या तत्त्वांचा वापर करून, विशेषतः लोकसहभाग व आंतरक्षेत्रीय समन्वय यांच्या आधारे, उपाययोजना लिहा."

माझा आराखडा असा: आधी १९७८ चा अल्मा-आटा जाहीरनामा, मग आठ घटक, मग चार तत्त्वं. समन्वयात आशा, एएनएम, आरोग्य सेवक आणि वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र काम करायचं. लोकसहभागात ग्रामसभा, प्रभातफेरी, श्रमदान. तपासून सांगा.

सावली

माझ्या मते सुरुवात रुग्णांपासून करा. ओआरएस, लहान मुलांना १४ दिवस झिंक, डिहायड्रेशनची लक्षणं, कोणाला रेफर करायचं, शौचाचे नमुने कधी घ्यायचे. ४६ रुग्ण आहेत म्हणजे ते आधी आलंच पाहिजे. झिंक सहा महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढच्याला २० मिलिग्रॅम.

रानवारा

सावलीताई, डोस बरोबर आहेत. पण प्रश्नाने उपचार विचारलेले नाहीत. इथे झिंकवर पान भरलं तर परीक्षक ते वाचून पुढे सरकेल. त्याला दोन ओळी द्या: घरोघर सर्वेक्षण, ओआरएस, रेफरल, आणि थांबा.

ओंकार, तुमच्या आराखड्यातली मोठी चूक समन्वयात आहे. आशा, एएनएम, आरोग्य सेवक, वैद्यकीय अधिकारी ही चारही माणसं आरोग्य खात्याचीच. त्यांनी एकत्र काम करणं हा खात्याच्या आतला समन्वय झाला. आंतरक्षेत्रीय म्हणजे ज्यांच्यावर आरोग्य खात्याचा हुकूम चालत नाही अशांशी काम. या गावात ते कोण? टीसीएल विकत घेऊन पाण्यात टाकण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची, म्हणजे ग्रामविकास. पाइपलाइनच्या तांत्रिक दुरुस्तीसाठी जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. अंगणवाडी महिला व बालविकासाची. शाळा शिक्षण खात्याची. आरोग्य खातं पाणी तपासतं, साथ ओळखतं आणि सांगतं. पाण्यात पावडर टाकणारा जलसुरक्षक त्याच्या हाताखाली नाही. नेमक्या या फटीतून साथ येते, आणि उत्तरात ती फट दिसायला हवी.

आठ घटक गाळा. अल्मा-आटा एका वाक्यात पुरे.

ओंकार_नर्सिंग

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग "टीसीएलचा साठा शिल्लक" हे वाक्य प्रश्नात का दिलंय? साठा आहे म्हणजे क्लोरिनेशन होतंय असं धरायचं का?

विहीरवाला

उलट. साथ आली आणि साठा शिल्लक आहे, म्हणजे दोनपैकी एक. पावडर पडतच नव्हती, किंवा पडत होती पण निकामी होती. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. गोणीचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडत जातं. पावडर दिसायला पांढरीच राहते, म्हणून बघून काही कळत नाही. तिचा नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जातो आणि २० टक्क्यांखाली क्लोरीन निघालं की ती वापरायची नाही.

डोस काढून दाखवतो, याला गुण आहेत. विहिरीतलं पाणी: ३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर हा नेहमीचा हिशोब धरला तर ९४ ग्रॅम.

ओंकार_नर्सिंग

म्हणजे उत्तरात ९४ ग्रॅम लिहायचं.

विहीरवाला

फक्त तेवढंच लिहिलं तर अर्धे गुण जातील, कारण प्रश्नात जुलै महिना दिलाय. अडीच ग्रॅमचा हिशोब स्वच्छ पाणी आणि ३३ टक्क्यांची पावडर धरून केलेला असतो. पावसाळ्यात विहिरीत गाळ आणि सेंद्रिय घाण उतरते, ती आधी क्लोरीन खाते, आणि जंतू मारायला काही उरत नाही. म्हणून हॉरॉक्स चाचणी करायची. काळ्या कपात दोन ग्रॅम पावडर, थोडं पाणी घालून लगदा, मग खुणेपर्यंत पाणी भरून ढवळायचं. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्यायचं. पहिल्यात काळ्या कपातल्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. निळा रंग पहिल्यांदा ज्या कपात दिसेल, त्याच्या क्रमांकाला दोनने गुणायचं: तितके ग्रॅम ४५५ लिटरला.

समजा निळा रंग तिसऱ्या कपापासून आला. म्हणजे ४५५ लिटरला ६ ग्रॅम. ३७,७०० ÷ ४५५ = सुमारे ८३, आणि ८३ × ६ = ४९८. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. कुठे ९४ ग्रॅम, कुठे ५०० ग्रॅम!

आणखी एक गोष्ट फार कमी जण लिहितात. या चाचणीत ग्रामपंचायतीच्या गोणीतली पावडरच वापरायची असते. त्यामुळे पावडर थोडी उतरलेली असली तर तेही हिशोबात आपोआप येतं. नवीन सीलबंद डब्यातली पावडर चाचणीला आणि जुनी गोणी विहिरीला, असं केलं तर आकडा खोटा निघतो.

मृणाल_सोलापूर

विहिरीत दोन मडकी पद्धतीने पावडर सोडली तर? एकदा सोडलं की दोन-तीन आठवडे बघायला नको.

विहीरवाला

ती पद्धत घरगुती विहिरीसाठी आहे, साधारण साडेचार हजार लिटर पाण्याच्या. इथे पाणी त्याच्या आठपट आहे. आणि साथ चालू असताना विहीर रोज शुद्ध करायची असते, त्यामुळे "बघायला नको" हा विचारच इथे चालणार नाही.

५०० ग्रॅम पावडर एका बादलीत कालवू नका. एका बादलीला जास्तीत जास्त १०० ग्रॅम, म्हणजे पाच बादल्या. बादली पाऊण भरायची, ढवळून पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडून हलवायची. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. एक तास थांबून मगच पंप.

रानवारा

आणि हे सगळं कधी करायचं, यात लोकसहभाग आहे. ओंकार, तुम्ही ग्रामसभा, प्रभातफेरी, श्रमदान लिहिलंत. त्या तिन्हींत गाव बोलावल्यावर येतं आणि सांगितलेलं करतं. निर्णय दुसऱ्याचाच राहतो.

आता क्लोरीनचा एक तास बघा. सकाळी सहाला बायका पाणी भरायला येतात आणि जलसुरक्षक साडेपाचला पावडर टाकतो. पाण्याला उग्र वास येतो, लोक ते ओतून देतात, "पावडर टाकू नका" म्हणून सरपंचाकडे तक्रार जाते, आणि जलसुरक्षक टाकणं बंद करतो. इथे प्रभातफेरीचा उपयोग शून्य. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलं की शेवटचा हंडा कधी भरला जातो, तर त्या वेळ सांगतील. रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर शुद्धीकरण, सकाळी पंप. वेळ ठरवणारे लोक वापरणारेच असले की वासाची तक्रारही कमी होते आणि पावडर पडते की नाही यावर रोज कोणाचा तरी डोळा राहतो.

उत्तरात तीन प्रश्न लिहा आणि त्यांची या गावापुरती उत्तरं द्या. अडचण कोणी सांगितली? निर्णय कोणी घेतला? हिशोब कोण विचारू शकतं? जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याच्या प्रकल्पात गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि सोबत शेतकरी मंडळं व महिला मंडळं उभी राहिली. तिथे सुरुवातीला लोकांनी पाणी आणि अन्न यांची गरज पुढे ठेवली होती आणि काम तिथूनच पुढे गेलं. उदाहरण द्यायचंच असेल तर हे एक द्या, चार नको.

शिवारात

श्रमदानाला इतकं कमी लेखू नका. विहिरीचा कठडा, भोवतीचा ओटा, सांडपाण्याची नाली ही कामं गावानेच केली तर सहभागच आहे की.

रानवारा

काम गावाने ठरवलं असेल तर आहे. वरून ठरवलेल्या कामाला फुकट मजूर म्हणून गाव वापरलं तर नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून परीक्षेत तेवढा शब्द लिहून भागत नाही.

शिवारात

पटलं असं म्हणत नाही, पण फरक कळला.

ग्रामसेवक_मराठवाडा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्याकडे तीन गावं. आरोग्य सेवक येतो, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटीचा थेंब टाकतो, रंग येत नाही, "ओटी निगेटिव्ह" लिहून जातो. तो कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. मी गटविकास अधिकाऱ्यांना उत्तर देतो. कागद पंचायत समितीच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर यायला आठवडा लागतो, तोवर मला कळतही नाही. पावडर तर रोज पडत असते. मग ओटी निगेटिव्ह का?

विहीरवाला

साहेब, हा प्रश्न ओंकारच्या उत्तरात जसाच्या तसा घालण्यासारखा आहे. ओटी एकाच ठिकाणी करून काही समजत नाही. तीन ठिकाणी करा: टाकीच्या तोंडाशी, मधल्या आळीत आणि सगळ्यात शेवटच्या नळावर. टाकीवरच रंग नाही, तर डोस कमी किंवा पावडर निकामी. टाकीवर चांगला पिवळा आणि शेवटच्या नळावर काहीच नाही, तर बहुधा वाटेत घाण शिरतेय आणि क्लोरीन तिथे संपतंय. नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी तयार होते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. व्हॉल्व्हचे खड्डे आणि गटार ओलांडणारे पाइप आधी बघा. खड्ड्यात सांडपाणी तुंबलेलं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

ओटी बघताना दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. मोकळं क्लोरीन लगेच रंग देतं, उशिरा येणारा रंग बांधलेल्या क्लोरीनचा असतो. पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तरी पिवळसर रंग येऊ शकतो, त्यामुळे बोअरच्या पाण्यात जरा जपून. एक तासानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहायला हवं.

ग्रामसेवक_मराठवाडा

शेवटच्या नळाची तपासणी आमच्याकडे झालेलीच नाही. ग्रामपंचायतीजवळच्या नळावरच घेतात.

तालुका_निरीक्षक

बहुतेक ठिकाणी तसंच होतं, कारण ते नळ वाटेवर असतात. म्हणून नमुना कुठून घेतला ते रजिस्टरमध्ये लिहायला लावा, नुसतं "गाव निगेटिव्ह" नको.

समन्वयाबद्दल एक व्यावहारिक मुद्दा. उत्तरात "सर्व विभागांनी समन्वय साधावा" हे वाक्य लिहिलं की परीक्षकाला कळतं की पुढे काही नाही. त्याऐवजी माणूस, काम आणि मुदत लिहा. उदाहरणार्थ: आरोग्य सेवक ओटी निगेटिव्हची लेखी चिठ्ठी त्याच दिवशी ग्रामसेवकाला देईल आणि पोच घेईल, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामसेवक २४ तासांत पावडर टाकून घेईल. तीन ठिकाणच्या ओटीवरून गळती दिसली तर पाणीपुरवठा विभागाच्या शाखा अभियंत्याला पत्र, दुरुस्ती होईपर्यंत त्या आळीचा नळ बंद आणि टँकर. तीन दिवसांत काही झालं नाही तर गटविकास अधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत विषय. दोन्ही खाती त्या टेबलाशी एकत्र येतात, म्हणून तोच दुवा दाखवायचा.

पिवळ्या कार्डाचाही उपयोग करा. पावसाळ्याआधी आणि नंतर जलस्रोतांची स्वच्छता पाहणी होते. जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. पिवळं कार्ड म्हणजे पावसाळ्याआधीच कुणीतरी त्रुटी लिहून ठेवल्या होत्या. त्या कोणत्या आणि का सुटल्या नाहीत, हे विचारणं हे उत्तराचं पहिलं पाऊल.

मृणाल_सोलापूर

पैशांचं काय? गाव आरोग्य समितीचा दहा हजारांचा निधी असतो ना वर्षाला, त्यातून टीसीएल घ्यायचं लिहू का?

तालुका_निरीक्षक

नको. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत बंधनमुक्त निधी असतो हे बरोबर. पण ज्या कामाला पंचायतीकडे किंवा दुसऱ्या खात्याकडे तरतूद आहे, त्यावर शक्यतो तो खर्चू नये असं मार्गदर्शक सूचनांत आहे. टीसीएल ग्रामपंचायतीच्या खर्चातलं. समितीच्या पैशातून ज्याला कोणी धनी नाही असं काम करा, जसं वस्तीवरच्या घरांना झाकणाची भांडी आणि ओगराळी, किंवा खड्ड्याभोवतीची तातडीची सफाई.

सावली

समितीची सचिव आशा असते ना?

तालुका_निरीक्षक

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आशा सदस्य सचिव आहे. खात्यावर सह्या कोणाच्या हे राज्याच्या आदेशांप्रमाणे बदललेलं आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी सवयही दिसते. उत्तरात "समितीच्या ठरावाने" लिहा, सुरक्षित.

ग्रामसेवक_मराठवाडा

आमच्याकडे अंगणवाडी सेविकेची सही चालते.

रानवारा

आता ती ३० घरं. त्यांच्या पाण्यावर अजून कोणी बोललं नाही, आणि प्रश्न बनवणाऱ्याने ती मुद्दाम घातली आहेत. विहिरीत कितीही चांगलं क्लोरीन टाकलं तरी ओढ्याच्या खड्ड्यात ते जात नाही. रोज पाणी उपसलं जातं आणि पाझरून नवीन येतं, त्यामुळे खड्ड्यात पावडर टाकूनही टिकत नाही. तिथे घराघरातल्या भांड्यात क्लोरीन: अर्धा ग्रॅमची गोळी २० लिटरला, अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून. गोळ्या आशाताईने वाटल्या एवढ्यावर न थांबता आठवड्याने चार-पाच घरांतल्या माठात ओटी करून बघायची. माठात रंग नाही म्हणजे गोळ्या डब्यातच आहेत.

४६ रुग्ण गाव आणि वस्ती असे वेगळे मोजा. समजा ४६ पैकी २१ वस्तीवरचे निघाले. एका घरात पाच माणसं धरली तर वस्ती दीडशेची. दीडशेत २१ म्हणजे शंभरात १४. उरलेल्या १,०५० मध्ये २५, म्हणजे शंभरात दोनपेक्षा थोडे जास्त. एवढी मोजणी केली की समान वितरणाचं तत्त्व आकड्यांत उभं राहतं, आणि नळाची लाइन वस्तीपर्यंत न्यायची मागणी ग्रामसभेत वजनाने मांडता येते. समितीत त्या वस्तीवरची एक बाई आहे का, हेही विचारा. नसेल तर गावाचा सहभाग अर्धाच आहे.

ओंकार_नर्सिंग

ही विभागणी मी केलीच नसती, एकूण ४६ धरून पुढे गेलो असतो. मग योग्य तंत्रज्ञान हे तत्त्व कुठे बसवू?

विहीरवाला

वेगळं बसवू नका. हॉरॉक्सचे कप, ओटीचा थेंब, माठातली गोळी: गावात हाताळता येतं, स्वस्त आहे, आणि गावातली बाई शिकू शकते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. शेवटच्या नळाची ओटी त्यांच्याकडे द्या असं लिहिलंत तर तंत्रज्ञान, सहभाग आणि समन्वय एकाच वाक्यात येतात. आरोग्य सेवक महिन्यातून किती वेळा येणार? त्या रोज तिथेच असतात.

शिवारात

त्या महिलांनी निगेटिव्ह सांगितलं तर जलसुरक्षक ऐकेल का? तो गावच्या पुढाऱ्याचा माणूस असतो कधी कधी.

तालुका_निरीक्षक

याला नेमकं उत्तर कुठेच नाही. काही गावांत नोंद फळ्यावर लिहितात, तारीख आणि नळासकट. फळा सगळे वाचतात, त्यामुळे दबाव येतो. काही गावांत तोच फळा पुसला जातो. महाराष्ट्रात २००७ पासून जे लोकाधारित देखरेखीचं काम झालं, त्यात गावाने आरोग्य सेवांना गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे अशी पद्धत होती. ती मुख्यतः आरोग्य सेवांसाठी. पाणीपुरवठ्याला तशी व्यासपीठं लावायची का, यावर आमच्यातच एकमत नाही.

ओंकार_नर्सिंग

आता क्रम असा लावतोय. पहिल्या दोन ओळी अल्मा-आटा आणि उपचार. मग रुग्णांची गाव-वस्ती विभागणी. मग विहिरीचं गणित, ९४ आणि ४९८ दोन्ही आकडे आणि फरकाचं कारण. मग तीन ठिकाणची ओटी. मग कोण, काय, कधी याचा तक्ता. शेवटी शुद्धीकरणाची वेळ आणि समितीतलं वस्तीचं प्रतिनिधित्व. १५ गुणांना चार पानं पुरतील?

रानवारा

तीन पुरतील. तक्त्यात आरोग्य खात्याबाहेरची किमान चार नावं यायला हवीत: ग्रामसेवक, जलसुरक्षक, शाखा अभियंता, अंगणवाडी सेविका. शाळेच्या मुख्याध्यापकांना शाळेच्या टाकीची सफाई द्या, कारण मुलं दिवसभर तेच पाणी पितात. आणि ४९८ च्या आकड्याखाली "तिसऱ्या कपात निळा रंग आला असे गृहीत धरून" असं स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक विचारेल हे सहा कुठून आले.

सावली

हॉरॉक्समध्ये सहाही कपांत निळा रंग आला नाही तर?

विहीरवाला

मग पावडर निकामी आहे किंवा पाणी फारच खराब आहे. त्याच पाण्यावर ताज्या पावडरने चाचणी पुन्हा करा. ताज्या पावडरने रंग आला तर जुनी गोणी बाजूला काढून तिचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तिनेही नाही आला तर क्लोरीन ओतत बसण्यात अर्थ नाही. विहीर उपसून, गाळ काढून, भिंती धुऊन मग नव्याने शुद्धीकरण, आणि तोवर गावाला टँकरचं पाणी.